काढायचे शब्द

माझ्या टेबलाच्या डाव्या अंगाला वर्षभर एक पाय उभा होता. गुडघ्याखालचा, गव्हाळ रंगाचा, रबराच्या पावलाला पाच बोटं कोरलेली. पहिले आठ दिवस त्याच्याकडे बघून मला कसंसंच व्हायचं. नंतर मी त्याला डब्याची पिशवी अडकवायला लागले. माणूस कशालाही सरावतो, आणि मी तर अकरा महिन्यांच्या करारावरची कर्मचारी. आमची सरावायची तयारी नेमणुकीच्या पत्रातच लिहून घेतलेली असते.

संस्था गरजूंना कृत्रिम हातपाय फुकट देणारी. कार्यालय यवतमाळात, एका कापडाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. हो, पाय नसलेल्यांसाठीचं कार्यालय एकोणीस पायऱ्या चढून गेल्यावर. जागा स्वस्तात मिळाली, असं साहेब सांगायचे. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना विचारलं होतं, की जो इथवर चढून येईल त्याला आपण पाय द्यायचा कशाला? साहेबांना विनोद कळायला दोन दिवस लागायचे आणि कळल्यावर राग यायचा. त्यामुळे मला शुक्रवारी बोलणी बसली.

पद्धत अशी होती. तालुक्याच्या गावी शिबिर व्हायचं, तिथे माप घ्यायचे. दोनेक महिन्यांनी नागपूरच्या कारखान्यातून पाय तयार होऊन आमच्याकडे यायचा. मग आम्ही त्या माणसाला पत्र पाठवायचं, की अमुक शुक्रवारी या. शुक्रवारी पाय बसवणारा कारागीर गाडी घेऊन नागपूरहून यायचा, पाय बसवायचा, चालवून बघायचा. आणि पत्र पोचलंच नाही तर? तर दुसरं, मग तिसरं. तिसरंही परत आलं की पाय गाडीत टाकून वापस. पाऊल काढून दुसऱ्याच्या पायाला लावायचे, बाकीचा भाग भंगारात. हा नियम साहेबांनी छापून भिंतीवर लावला होता, खाली स्वतःची सही ठोकून.

माझं काम पत्रं पोचतील असे पत्ते तयार करण्याचं. शिबिरात नावं लिहून घेणारे पोरंसोरं, त्यांचे कागद टाईप करणारा एक ठेकेदार, तोही इंग्रजी अक्षरांत, आणि त्यातून निघालेली ती यादी. ती वाचून डोळे भरून यायचे, पण दुःखाने नाही. आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त अपंग 'मुपो' नावाच्या गावात राहत होते. मुक्काम पोस्टचं 'मु. पो.' सरळ गावाच्या रकान्यात बसवलेलं. ढाणकी चार तऱ्हांनी लिहिलेली, त्यातल्या एका तऱ्हेने वाचलं तर ती धनकी होत होती. कोठा बुद्रुकचं 'बी के' झालं होतं, आणि कुणा हुशार माणसाने त्याचा विस्तार करून कोठा बँक केलं होतं. वणी कुणी डब्ल्यूने लिहिलेली, कुणी व्हीने. व्हीची वणी एकदा थेट नाशिककडच्या वणीला गेली. तिथे गडावर देवी आहे, पाय बसवणारा कारागीर नाही. पत्र आलं परत, आठ शिक्के खाऊन.

खुणांचं तर विचारू नका. 'शाळेजवळ', 'मंदिरामागे', 'जुन्या सरपंचाच्या घरासमोर'. कुठलं मंदिर, किती जुना सरपंच, काही पत्ता नाही. पण मी हसायला लागले की मला माझंच घर आठवायचं. आमची वस्ती विहाराच्या मागची. आमच्या घराचा पत्ता लहानपणापासून 'पाण्याच्या टाकीजवळ'. ती टाकी नगरपरिषदेने पाडली त्याला तीन वर्षं होऊन गेली, तरी आई सगळ्यांना टाकीजवळच सांगते. मी एकदा तिला म्हटलं, आई, टाकी नाही आता. ती म्हणाली, "टाकी पाडली म्हून पत्ता थोडाच पाडला?" आणि खरंच, गॅसवाला आजही त्या नसलेल्या टाकीजवळ येऊन उभा राहतो आणि फोन करतो.

तर या गबाळ यादीसमोर ठेवायला माझ्याकडे एक साफ यादी होती. जिल्ह्यातल्या सगळ्या महसुली गावांची, तालुक्यासकट, प्रत्येकाच्या पोस्टासकट, पिनसकट. आणि दोन्ही याद्या जुळवणारा एक प्रोग्राम होता, नागपुरातल्या कुणा इंजिनियरने लिहिलेला. उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार, पण शेळ्या बऱ्यापैकी हाकल्या जायच्या. तो आधी पत्ता धुवून घ्यायचा: ठिपके, स्वल्पविराम, रेघा काढायचा, सगळी अक्षरं एकसारखी करायचा. मग 'काढायचे शब्द' नावाच्या एका यादीत जे शब्द असतील ते उडवायचा. ॲट, पोस्ट, तालुका, जिल्हा, मुपो, असे. कारण हे शब्द प्रत्येक पत्त्यात असतात, त्यांच्यावरून गाव ओळखता येत नाही. उरलेलं नाव साफ यादीतल्या नावांशी ताडून बघायचा. किती अक्षरं बदलली, किती गळली, किती वाढली, यावरून शंभरातले गुण द्यायचा. नव्वदच्या वर गुण मिळाले तर आपोआप मान्य. सत्तर ते नव्वद असेल तर माझ्या डोळ्यांसमोर आणून ठेवायचा. त्याखाली असेल तर 'सापडले नाही'.

पिनचाही त्यात उपयोग होता. आधी त्याच पिनच्या गावांत शोध, नाही सापडलं तर मग सगळ्या जिल्ह्यात. वणी नाशिकला गेल्यापासून मी पिनला मानायला लागले होते. पण आमच्या यादीतले पिनच थापाडे. शिबिरातल्या पोरांनी, असं मला तेव्हा वाटायचं, ज्याला स्वतःचा पिन माहीत नाही त्याच्यापुढे बेधडक यवतमाळ शहराचा पिन लिहून टाकला होता. तालुक्याच्या रकान्यातही सगळ्यांना यवतमाळ. म्हणून मी प्रोग्रामला आणखी एक नियम शिकवला: नाव शंभर टक्के जुळत असेल तर पिनकडे आणि तालुक्याकडे बघूच नको. 'काढायचे शब्द' ही यादीही माझ्याच ताब्यात होती. त्यात शब्द घालायचा मला नाद लागला. एकेक शब्द घातला की न जुळणारे दहावीस पत्ते खटाखट जुळायचे. त्यातलं सुख ज्याने भोगलं त्यालाच कळेल. शेंगा सोलताना मिळतं तसलं सुख.

या नोकरीआधी मी तीन वर्षं एका कुरिअरच्या दुकानात होते. तिथे दिवसभर एकच ओरडा: पी ओ डी कुठे आहे? पी ओ डी म्हणजे माल पोचल्याची सही घेतलेली पावती. ती हरवली की मालक माझं डोकं खायचा. त्यामुळे आमच्या यादीत कितीतरी पत्त्यांच्या शेवटी पी ओ डी ही तीन अक्षरं दिसली तेव्हा मला जुना वैरी भेटल्यासारखं झालं. मला वाटलं, ठेकेदाराने कुठल्यातरी कुरिअरच्या यादीवरून नक्कल मारली असणार. मी ती तीन अक्षरं 'काढायचे शब्द' मध्ये घातली. तीसेक पत्ते पटापट जुळले, सगळे शंभर गुणांनी. साहेबांनी त्या दिवशी मला चहा पाजला. आमच्या कार्यालयातला तो एकमेव फुकट चहा.

आता पायाकडे येते. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती. डावा पाय, बाई, वय चाळीस, पुढे तिचं नाव, आणि पत्ता इंग्रजी अक्षरांत: टेंभी, पी ओ डी, पिन यवतमाळचा. कुणाच्या तरी मळणीयंत्रात या बाईचा पाय गेला होता, एवढं तिच्या कागदावर होतं. मोबाईल नंबरही होता, नऊ आकडी. पहिलं पत्र मी येण्याआधीच गेलं होतं, आहे त्या पत्त्यावर, आणि 'अपूर्ण पत्ता' असा शेरा घेऊन परत आलं होतं. दुसरं मी पाठवलं. प्रोग्रामने पी ओ डी धुऊन टाकलं, टेंभी उरलं, साफ यादीत टेंभी सापडलं, शंभर गुण. तालुका नीट, पोस्ट नीट, पिन नीट. असा देखणा पत्ता त्या बाईला जन्मात मिळाला नसेल. पत्र परत आलं: 'या नावाची व्यक्ती गावात नाही'. तिसरंही तिथेच पाठवलं, तेही तसंच परत आलं. मी तिच्या नावापुढे शेऱ्यात लिहिलं, 'पत्ता खोटा दिला आहे'. हे लिहिताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. उलट राग आला, की बाई, तुझ्यासाठी पाय करून ठेवलाय आणि तू पत्ता खोटा देतेस!

हा शेरा लिहिला तो बुधवार. परवा शुक्रवार, कारागिराची गाडी येणार आणि पाय परत जाणार.

आमच्याकडे एक शिपाईमामा होते. साठीला टेकलेले, राळेगावकडचे, घरी थोडी शेती, कापूस आणि तूर. दहावीपर्यंत शिकलेले, पण इंग्रजी अक्षरं ते एकेक करून चावून वाचायचे. जावक रजिस्टर मराठीत त्यांच्या हाती. कुठलीही वस्तू बाहेर जायची तर त्याची नोंद तेच करणार, त्यांच्या वळणदार अक्षरात. त्या बुधवारी ते रजिस्टर घेऊन पायाजवळ बसले.

"हा बी जाते का वापस?" त्यांनी विचारलं.

"जाते," मी म्हटलं. "लिहा. डावा पाय, एक नग. गाव टेंभी."

मामांनी चिठ्ठी उलटीसुलटी केली. "मंग हे टेंभीच्या म्होरं काय हाय?"

"काही नाही मामा. कुरिअरचा शब्द आहे. तो लिहायचा नाही."

ते ऐकणारे नव्हते. रजिस्टरमध्ये अर्धवट नोंद करणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. चष्मा वर करून त्यांनी चिठ्ठी डोळ्यांशी नेली. "पी," ते म्हणाले. "ओ. डी." मग थोडा वेळ ओठ हलवत बसले आणि म्हणाले, "पोड."

"काय?"

"पोड हाय न मॅडम हे. टेंभी पोड. कोलामाईचं पोड. आमच्याइकडं लय हायेत."

मला घाम फुटला. खोटं सांगत नाही, पंख्याखाली बसून मानेवरून घाम निघाला. पोड हा शब्द मला काय माहीत नव्हता? कोलाम आदिवासींच्या वस्तीला पोड म्हणतात हे या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मीही शंभरदा ऐकलाय, बोललेय. पण इंग्रजी अक्षरांत लिहिल्याबरोबर मला तो ऐकूच आला नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं, तशी मला सगळीकडे कुरिअरची पावती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो वळसा मी तीन पत्रांनी घालून आले होते.

मी मूळ यादी उघडली, न धुतलेली. शेवटी पी ओ डी असलेले तीसेक पत्ते एकाखाली एक लावले आणि या वेळी तोंडाने मोठ्यांदा वाचले. सगळी पोडं. प्रत्येकाचं पोड मी पुसलं होतं आणि नावाचा उरलेला तुकडा कुठल्यातरी बड्या गावाला चिकटवून शंभर गुण दिले होते. प्रोग्राम बिचारा नियमाने वागला होता. शहाणपण माझं होतं.

लगेच पी ओ डी 'काढायचे शब्द' मधून काढलं. पुन्हा जुळवणी लावली. उत्तर: सापडले नाही. कसं सापडणार? साफ यादीत पोडंच नव्हती. ती महसुली गावांची यादी, आणि पोड हे कुठल्यातरी महसुली गावाच्या शिवारात वसलेलं, त्या गावाच्या नावाखाली झाकलेलं. गंमत अशी की त्याच यादीत रिठी गावं होती. रीठ म्हणजे उजाड गाव. माणूस एक नाही, पण महसुलात नाव आहे, क्षेत्र आहे, क्रमांक आहे. अशा एका रीठ गावाला मी मागे एकदा पत्र पाठवलं होतं, शंभर गुणांनी. म्हणजे जिथे माणूस नाही ते गाव यादीत, आणि जिथे माणसं राहतात ते बाहेर. आणि या यादीला आम्ही साफ म्हणायचो.

मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या नियमाकडे बोट केलं.

"तीन पत्रं परत आली मॅडम. नियम म्हणजे नियम."

"साहेब, तीनातली दोन पत्रं माझ्या चुकीने गेली. चूक माझी आहे, पाय तिचा आहे."

"मग कापायचा कोणाचा?" साहेब म्हणाले. त्यांचा आयुष्यातला पहिला विनोद, आणि तो या वेळी. शेवटी ते म्हणाले, "शुक्रवारी गाडी जायच्या आत आली तर ठीक. नाही आली तर पाय गाडीत."

दोन दिवस. पत्राला वेळ नव्हता, आणि मला अजून गावच माहीत नव्हतं. मामा म्हणाले, राळेगावकडचंच असेल कशावरून, टेंभी नावाचं पोड दुसऱ्या तालुक्यातही असू शकतं. तेव्हा मला सुचलं ते सगळ्यात आधी सुचायला हवं होतं: मूळ कागद. ठेकेदाराने टाईप केलेला नव्हे, शिबिरात पेनाने लिहिलेला. मागच्या खोलीत गठ्ठे होते, सुतळीने बांधलेले, उंदरांनी त्यांच्या परीने जुळवणी केलेले. मी आणि मामा दुपारभर बसलो. चार वाजता सापडला. मराठीत, निळ्या शाईत, स्वच्छ: मु. टेंभी पोड, पुढे पोस्टाचं गाव, ता. राळेगाव, आणि खुणेच्या जागी 'मोहाच्या झाडाजवळ'. सगळं होतं. शिबिरातल्या पोराने नीट लिहून घेतलं होतं. ठेकेदाराने पोस्टाचं गाव उडवलं, खूण उडवली, तालुका आणि पिन यवतमाळचे ठोकले, आणि जे एक खरं उरलं होतं ते मी उडवलं.

पोस्टाच्या गावी शाखा डाकघर होतं. तिथल्या डाकसेवकाचा नंबर मामांनी त्यांच्या साडूकडून मिळवला. मी फोन लावला आणि घाईघाईने सगळं सांगितलं.

"टेंभी पोड?" तो म्हणाला. "आपल्याच बीटात हाय ना. काहून?"

"त्या बाईंना आम्ही तीन पत्रं पाठवली हो."

"मले एकबी नाही भेटलं. भेटलं असतं तं म्या नसतं का देल्लं? त्या बाईले मी रोज पाह्यतो. कुबडी घेऊन दारात बसली राह्यते."

रोज पाह्यतो. मला त्या क्षणी फोन भिंतीवर आपटावासा वाटला. वर्षभर आमचं कार्यालय, साफ यादी, नागपूरचा प्रोग्राम आणि मी, सगळे मिळून तिला शोधत होतो, आणि एक माणूस सायकलीवरून रोज तिच्या दारावरून जात होता. मी त्याला म्हटलं, भाऊ, तिला शुक्रवारी यवतमाळला पाठवा, काहीही करा. तो म्हणाला, सकाळच्या एसटीत बसवून देतो, तुम्ही चिंता नका करू. मी केलीच.

शुक्रवारी कारागीर अकराला आला. त्याने खाली गाडीतच दुकान मांडलं होतं, दोन पाय बसवून झाले. एक वाजला, दोन वाजले. साहेब दर अर्ध्या तासाने घड्याळ बघायचे आणि मग माझ्याकडे. अडीचला कारागीर खालूनच ओरडला, "चलो, वो पैर दे दो, मैं निकलता हूँ." मी पायावरची डब्याची पिशवी काढून घेतली आणि पाय उचलला. वर्षभरात पहिल्यांदाच उचलला असेन. वाटला होता त्यापेक्षा हलका निघाला.

जिन्यावर कुबडीचा आवाज आला. मामा धावले. बाई बाराव्या पायरीवर पोचली होती, कुबडी पुढे टाकत, कठड्याला धरत. मामा म्हणाले, थांबा, कारागिरालाच खालून इथे बोलावतो ना. ती म्हणाली, "आता सात राह्यल्या, येतो." आणि आली. माझ्या हातातला पाय बघून तिने एकदा त्याच्याकडे, एकदा स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, "माहाच हाय का?"

मी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि कारागीर वर येईपर्यंत सगळं कबूल केलं. न सांगता भागलं असतं. पण माझ्याच्याने राहवेना. तुमच्या पत्त्यातून मी पोड पुसलं, असं सांगितलं.

"पोड पुसलं?" ती म्हणाली. "मंग राह्यलं काय?"

"टेंभी."

ती हसायला लागली. खरंच हसली, पदर तोंडाला लावून. "टेंभी तं लोकाईचं गाव हाय माय. आमचं पोडच हाय फक्त."

कारागिराने पाय बसवायला घेतला. बसवला, पट्टा ओढला, तिला उभं केलं. पाऊल टाकताच पाय खाली गळल्यासारखा सरकला. त्याने आतून जाड मोजे चढवले, एकावर एक तीन. तरी ढिलाच. "देर हो गयी," तो म्हणाला. वर्षभरात तिच्या पायाचा उरलेला भाग सुकून बारीक झाला होता. माप तेव्हाचं, पाय तेव्हाचा. बसलाच नाही. तो म्हणाला, पाऊल तेच राहील, उरलेला पाय जिच्यात बसतो ती वरची वाटी नव्याने करावी लागेल, माप आत्ता घेतो, महिनाभराने या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मला मुळीच आवडलं नाही. रडायचा हक्क तिचा होता, आणि ती रडत नव्हती. ती शांतपणे माप देत होती. मापाची प्लास्टरची पट्टी सुकेपर्यंत तिने माझ्याकडे बघून एवढंच विचारलं:

"चिठ्ठी पाठवसान ना?"

"पाठवीन."

"कोनाच्या पत्त्यावर?"

मी कोरा लिफाफा घेतला आणि तिच्यासमोर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहायला लागले. नाव. मुक्काम टेंभी पोड. पोस्टाचं गाव. तालुका राळेगाव. तिथला खरा पिन. खूण, मोहाच्या झाडाजवळ.

"मोह मागच्या उनाळ्यात पडला," ती म्हणाली. "बुड हाय पन. बुडाजवळ लिहा."

मी लिहिणार होते, मग हात थांबला. आईची टाकी आठवली. "लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"लोकं मोहाजवळच म्हनतेत."

मग मोहाजवळच ठेवलं. मामांनी तिला सगळा पत्ता वाचून दाखवला, दोनदा, शिपायाच्या आवाजात. दुसऱ्यांदा पोड शब्द आला तेव्हा तिने मान हलवली. पाय परत माझ्या टेबलाशेजारी उभा राहिला, वाटीशिवाय, नुसती नळी आणि पाऊल. डबा अडकवायला जागाच राहिली नाही, आणि असती तरी अडकवला नसता.

त्या महिन्यात मी बाकीची तीसेक पोडं शोधली. मूळ कागद बघायचा, डाकसेवकाला फोन करायचा, विचारायचं. साफ यादीच्या शेवटी एक रकाना वाढवला आणि त्यात पोडं घातली, त्यांच्या पोस्टासकट. काही माणसं सापडली, काही दुसरीकडे निघून गेली होती, दोन वारली होती. साहेब म्हणाले, ही यादी आता सरकारी राहिली नाही. मी म्हटलं, माणसांची झाली. त्यांना हा विनोद वाटला असावा, कारण दोन दिवसांनी राग आला.

नवी वाटी आली तेव्हा मी तोच लिफाफा पाठवला, पोचपावती लावून. बाई ठरलेल्या शुक्रवारी आली. कारागीर या वेळी खालीच थांबला, बाईला पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून मीच त्याला वर येऊ दिलं नाही. पाय बसला. कापडाच्या दुकानासमोर तिने दोन फेऱ्या मारल्या, मग कुबडी मामांच्या हातात दिली आणि तिसरी मारली. जाताना कुबडी विसरली. मामा मागून ओरडत गेले तर म्हणाली, ठेवा, कोनाले तरी कामी येईन.

पोचपावती, म्हणजे कुरिअरवाल्यांची पी ओ डी, चार दिवसांनी टपालाने आली. पोस्ट खात्याचं काम, माणूस येऊन गेल्यावर पावती. सहीच्या जागी निळ्या शाईचा अंगठा, जरा घसरलेला. मी ती भिंतीवर लावली, नियमाच्या कागदाच्या शेजारी.

साहेबांनी चष्म्यातून बघितलं. "हे काय लावलंय मॅडम?"

"पोड आहे साहेब," मी म्हटलं.